मोबाईल कंपनीच्या नोंदीतील नाव ओळखपत्राप्रमाणे करून घेण्याचे पत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील खेड्यांत मोबाईलचे सिम बहुधा तालुक्याच्या बाजारात छत्री लावून बसलेल्या विक्रेत्याकडून घेतलेले असते, आणि त्याने घाईत टाइप केलेले नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. सिम हरवले किंवा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची वेळ आली, की ती चूक पुढे येते. सिम अर्जदाराचेच आहे, वापरतोही तोच, फक्त नोंदीतले नाव आधार कार्डाशी जुळत नाही, अशा प्रकरणापुरतीच ही माहिती आहे. सिम मुळातच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर त्याचा रस्ता वेगळा असून त्याविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

कंपनीकडे माझे नाव नेमके कसे नोंदले आहे, हे कसे कळेल?

पत्र लिहिण्याआधी हे काम करावे, कारण चुकीचे नाव जसेच्या तसे उतरवल्याशिवाय पत्राला आधार राहत नाही. स्मार्टफोन असल्यास कंपनीच्या ॲपमध्ये प्रोफाइलच्या ठिकाणी नाव दिसते. पोस्टपेड ग्राहकाच्या बिलावर ते छापलेले असते. साधा फोन असेल तर त्याच क्रमांकावरून कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करावा किंवा ओळखपत्र घेऊन तालुक्याच्या ठिकाणी कंपनीच्या अधिकृत दालनात जावे. रिचार्जच्या दुकानदाराला ही नोंद बहुधा दिसत नाही, त्यामुळे त्याच्या अंदाजावर विसंबू नये.

केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावरील क्रमांकांची यादी पाहता येते. ही सोय उपयोगाची असली तरी ती नावातील अक्षरे तपासण्यासाठी नाही. तेथे प्रत्येक क्रमांकासमोर `Not My Number`, `Not Required` आणि `Required` असे पर्याय येतात. नाव चुकीचे आहे म्हणून स्वतःच्या चालू क्रमांकासमोर `Not My Number` निवडू नये. त्याचा अर्थ हा क्रमांक माझा नाही असा होतो आणि पुढे तो बंद पडण्याची वेळ येऊ शकते. नावदुरुस्तीचा अर्ज कंपनीकडेच करावा लागतो.

नावातला इतका लहानसा फरक खरोखर अडवतो का?

सगळीकडे अडवत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. बँकेचा, पीएम किसानचा किंवा कापूस विक्रीसाठीच्या कापस किसान ॲपचा ओटीपी ज्या क्रमांकावर येतो, तो क्रमांक चालू असणे एवढेच तेथे लागते. आधारला जोडलेले सिमदेखील स्वतःच्याच नावावर असले पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे योजनेचे पैसे अडकले म्हणजे सिमवरील नाव चुकले असेल, असे धरून दालनात धावत जाण्यात अर्थ नाही. त्याचे कारण बहुतेक वेळा बँक खात्याच्या किंवा आधारच्या नोंदीत सापडते.

अडचण येते ती सिमधारक म्हणून स्वतःची ओळख पटवावी लागते तेव्हा. फोन चोरीला गेल्यावर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम मागताना दालनातील कर्मचारी ओळखपत्र आणि जुनी नोंद शेजारी ठेवून पाहतो आणि आडनावच जुळत नसेल तर सिम देत नाही. हे त्याचे चुकतही नाही, कारण परक्या माणसाने आपल्या क्रमांकाचे सिम काढून खात्यातील पैसे पळवू नयेत म्हणूनच ही तपासणी असते. दुसरे एक कारण अलीकडचे आहे. फोन आल्यावर पडद्यावर करणाऱ्याचे नाव दिसावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी 2024 मध्ये केली. ते नाव ग्राहक अर्जातून घेतले जाणार असल्याने अर्जात जे चुकीचे पडले आहे, तेच समोरच्याला दिसेल.

आमच्या भागात नावे चुकतात ती साधारण कशी?

तीन प्रकार पुन्हा पुन्हा आढळतात. पहिला प्रकार आदराच्या शब्दांचा. गावात सुशीलाला सुशीलाबाई आणि रामदासला रामदासराव म्हणतात. विक्रेता तेच टाइप करतो आणि आधारवर नसलेले ‘बाई’ किंवा ‘राव’ नोंदीत जाऊन बसते. दुसरा प्रकार आडनावाच्या इंग्रजी अक्षरांचा. वानखडे आणि वानखेडे ही दोन्ही आडनावे आपल्याकडे आहेत, आणि `Wankhade` ऐवजी `Wankhede` पडले तर केवळ स्पेलिंग चुकत नाही, दुसरेच आडनाव लागते. तिसरा प्रकार क्रमाचा. काही जुन्या सातबाऱ्यांवर आणि रेशन कार्डांवर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी. विक्रेत्याने असे रेशन कार्ड पाहून पहिल्या रकान्यात आडनाव आणि शेवटच्या रकान्यात वडिलांचे नाव भरले, की संगणकाच्या दृष्टीने वडिलांचे नाव हेच त्या ग्राहकाचे आडनाव होते.

लग्नानंतर बदललेले नाव यांपैकी कशातही बसत नाही. त्या नोंदीत टाइप करणाऱ्याची चूक नसते, तेव्हाचे खरे नाव असते. तिथे दोन्ही नावांचा संबंध दाखवणारा विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातील प्रसिद्धी जोडावी आणि पत्रातही ‘विवाहापूर्वीचे नाव’ असे स्पष्ट लिहावे.

आधारवरचेच नाव चुकले असेल तर?

तर आधी आधार दुरुस्त करावे आणि मगच मोबाईल कंपनीकडे जावे. कंपनी आपल्या म्हणण्यावरून नाव बदलत नाही, समोर ठेवलेल्या ओळखपत्रावर जे आहे ते उतरवून घेते. चुकीच्या आधारवरून सिमचे नाव ‘दुरुस्त’ करून घेतले, तर पुढे आधार सुधारल्यावर हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागेल. आधारवरील नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तेथेही अर्जातले प्रत्येक अक्षर तपासूनच सही करावी.

आधारऐवजी मतदार ओळखपत्र चालते का, असेही विचारले जाते. सिमसाठी आधारची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर स्पष्ट झालेले आहे. कंपनी स्वीकारत असलेले दुसरे ओळखपत्र देता येते. मात्र जे ओळखपत्र पुढेही सगळीकडे दाखवणार आहोत, त्यावरचेच नाव नोंदवून घेणे शहाणपणाचे.

पत्राच्या विषयात काय लिहावे?

‘ग्राहक नोंदीतील नावात ओळखपत्राप्रमाणे दुरुस्ती करण्याबाबत (सिमधारकात बदल नाही)’ असे लिहावे. कंसातील शब्द गाळू नयेत. नुसते ‘नाव बदलणे’ किंवा ‘सिम नावावर करणे’ असे लिहिले, की काउंटरवरचा माणूस ते प्रकरण एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे क्रमांक देण्याच्या प्रकारात टाकतो. मग जुन्या सिमधारकाचे संमतीपत्र मागितले जाते, आणि जुना सिमधारक म्हणजे आपणच असल्याने ते आणायचे कुठून हा प्रश्न उभा राहतो. तालुक्याच्या दालनातून लोक हात हलवत परततात, त्यामागे बरेचदा हेच असते.

पूर्ण पत्राचा नमुना मिळेल का?

खालील नमुन्यातील नाव कल्पित असले तरी चूक नेहमी आढळणारी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी महिलेच्या आधारवर इंग्रजीत `Sushila Ramdas Wankhade` असे आहे. कंपनीच्या नोंदीत ग्राहकाचे नाव `SUSHILABAI RAMDAS` आणि पतीचे नाव `RAMDASRAO WANKHEDE` असे पडले आहे. म्हणजे ‘बाई’ जास्तीची, आडनाव गायब, आणि जे आडनाव पतीच्या रकान्यात गेले तेही दुसरेच. पत्रात फक्त ग्राहकाच्या नावाची मागणी केली, तर पतीच्या रकान्यातील चूक तशीच राहते आणि पुढच्या पडताळणीत पुन्हा आडवी येते. म्हणून दोन्ही चुका एकाच पत्रात घेतल्या आहेत.

प्रति,
ग्राहक सेवा अधिकारी,
(कंपनीचे नाव), महाराष्ट्र व गोवा सर्कल,
मार्फत : अधिकृत ग्राहक सेवा दालन, (तालुक्याचे ठिकाण)

दिनांक :

विषय : मोबाईल क्रमांक (दहा अंक) च्या ग्राहक नोंदीतील नावात ओळखपत्राप्रमाणे दुरुस्ती करण्याबाबत (सिमधारकात बदल नाही).

महोदय,

वरील क्रमांकाचे सिम मी स्वतः माझ्या ओळखपत्रावर घेतले असून ते सुरुवातीपासून माझ्याच वापरात आहे. सिम घेताना अर्ज भरण्यात झालेल्या चुकीमुळे आपल्या नोंदीत माझे नाव `SUSHILABAI RAMDAS` व पतीचे नाव `RAMDASRAO WANKHEDE` असे नोंदले गेले आहे. माझ्या आधार कार्डावर माझे नाव `Sushila Ramdas Wankhade` असे असून माझ्या पतीचे नाव `Ramdas Wankhade` असे आहे.

आपल्या नोंदीतील व्यक्ती आणि मी एकच असून हा क्रमांक मी कोणालाही दिलेला नाही व कोणाकडूनही घेतलेला नाही. नोंदीतील माझी जन्मतारीख व गावाचा पत्ता आधार कार्डाशी जुळतो, त्यावरून याची खात्री करता येईल.

तरी माझ्या मूळ ओळखपत्राची पडताळणी करून ग्राहकाचे नाव व पतीचे नाव हे दोन्ही रकाने वरीलप्रमाणे दुरुस्त करावेत, माझा क्रमांक व चालू रिचार्ज कायम ठेवावा आणि दुरुस्ती झाल्याचे मला एसएमएसद्वारे किंवा लेखी कळवावे, ही विनंती. आपणास दुरुस्ती करता येत नसल्यास त्याचे कारण लेखी द्यावे.

सोबत : आधार कार्डाची स्वसाक्षांकित प्रत, नोंदीतील चुकीचे नाव दिसणारी प्रत.

आपली विश्वासू,
(सही किंवा अंगठा)
सुशीला रामदास वानखडे
मु. पो. (गाव), ता. (तालुका), जि. यवतमाळ
संपर्कासाठी दुसरा क्रमांक :

जन्मतारखेविषयीचे वाक्य ती खरोखर जुळत असेल तरच ठेवावे. ती चुकीची असल्यास दुरुस्तीच्या मागणीत तिचाही समावेश करावा. पूर्ण आधार क्रमांक पत्रात लिहिण्याची गरज नाही, हवे तर शेवटचे चार अंक द्यावेत. अर्जदार अंगठा लावत असेल तर शेजारी एका साक्षीदाराचे नाव आणि सही घ्यावी.

पत्र मराठीत दिले तर चालेल का?

तालुक्याच्या दालनातला कर्मचारी इथलाच असतो आणि त्याला मराठी पत्र वाचायला काहीच अडचण नसते. पण कंपनीच्या संगणकावर नाव इंग्रजी अक्षरांत भरलेले असते. म्हणून पत्र मराठीत ठेवून जुने आणि नवे नाव मात्र इंग्रजी अक्षरांत, पडद्यावर किंवा कार्डावर दिसते तसेच लिहावे. ‘वानखडे’ वाचून कर्मचाऱ्याने इंग्रजी अक्षरे स्वतःच्या मनाने बसवली, तर जुनी चूक जाऊन नवी येईल. हाताने लिहिताना `a` आणि `e` यांत गोंधळ होतो, तेव्हा ही नावे मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेली बरी.

दालनात गेल्यावर प्रत्यक्ष काय होते?

पत्र ही दुरुस्तीची सुरुवात असते. नाव बदलते ते पुन्हा केलेल्या ग्राहक पडताळणीतून. कागदी ग्राहक अर्जाची जुनी पद्धत 1 जानेवारी 2024 पासून बंद झाली आहे. आता कर्मचारी कंपनीच्या ॲपमधून मूळ ओळखपत्राचा फोटो घेतो, ग्राहकाचा तिथल्या तिथे फोटो काढतो, आणि आधारवरचा क्यूआर कोड वाचला गेला तर नाव-पत्ता आपोआप भरला जातो. म्हणून स्वतः जावे लागते आणि मूळ कार्ड न्यावे लागते. मुलाच्या हाती झेरॉक्स पाठवून हे काम होत नाही. सिम त्याच फोनमध्ये चालू असावे, कारण खात्रीसाठीचा ओटीपी त्याच क्रमांकावर येण्याची शक्यता असते.

दोन अडचणी खेड्यातल्या माणसांना हमखास येतात. अंगठ्यावरून पडताळणी करायची म्हटले, तर निंदण आणि कापूस वेचणीने झिजलेली बोटे यंत्र ओळखत नाही. अशा वेळी क्यूआर कोड आणि फोटोच्या पद्धतीने पडताळणी करण्यास सांगावे. दुसरी अडचण कार्डाची. वर्षानुवर्षे पाकिटात राहून प्लॅस्टिक पांढुरके झालेल्या कार्डाचा कोड वाचला जात नाही. मग कर्मचारी नाव हाताने टाइप करतो आणि चुकीला पुन्हा वाट मिळते. सेवा केंद्रातून ई-आधारची ताजी, स्पष्ट प्रिंट काढून नेली तर हे टळते.

अर्ज पुढे पाठवण्याआधी कर्मचाऱ्याला पडदा आपल्याकडे वळवायला सांगून नाव अक्षर न् अक्षर वाचावे. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलाला किंवा शेजाऱ्याला सोबत न्यावे. संकोच करण्यासारखे यात काही नाही, पहिल्या वेळी कोणी वाचले नाही म्हणूनच तर ही वेळ आली आहे.

प्रतिज्ञापत्र करावे लागेल का?

नुसत्या अक्षरांच्या चुकीसाठी स्वतःहून करू नये. तहसील कार्यालयाबाहेर बसणारे काही जण कुठल्याही नावाच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करायला सांगतात आणि त्यात दिवसही जातो, पैसेही जातात. मूळ ओळखपत्र, जुळणारी जन्मतारीख आणि समोर उभा असलेला माणूस एवढ्यावर बहुतेक प्रकरणे निघतात. कंपनीने मागितलेच, तर कोणत्या मजकुराचे हवे ते लेखी किंवा एसएमएसवर मागून घ्यावे आणि मगच करावे.

दुरुस्ती चालू असताना सिम बंद पडेल का?

साध्या दुरुस्तीत क्रमांक आणि सिम तेच राहते. तरीही कर्मचारी नवे सिम हातात ठेवत असेल, तर थांबून विचारावे, कारण नवे सिम म्हणजे जुने बंद होणार आणि नवे चालू होईपर्यंत ओटीपी येणार नाहीत. कापसाच्या नोंदणीची किंवा कर्जाच्या नूतनीकरणाची तारीख तोंडावर असेल, तर ती उरकून मग दालनात जावे. क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा असल्यास तोही अर्ज याच वेळी करू नये. सिमधारक बदलण्याचा अर्ज प्रलंबित असल्यास किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदललेले असल्यास त्यासाठीचा कोड मिळत नाही. नावदुरुस्तीचे प्रकरण चुकून सिमधारक बदलाच्या प्रकारात नोंदले गेले असेल, तर तेही यावरूनच उघड होते.

पत्र दिल्याचा पुरावा काय ठेवावा?

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर दालनाचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. शिक्का द्यायला दालने कधी कधी टाळाटाळ करतात. अशा वेळी तिथे उभे असतानाच ग्राहक सेवेला, म्हणजे 198 ला, फोन करून तक्रार नोंदवावी आणि एसएमएसने येणारा क्रमांक पत्राच्या प्रतीवर लिहून ठेवावा. पुढे कंपनीशी जे काही बोलणे होईल ते या क्रमांकावरूनच होते, शिक्क्याचे महत्त्व त्यामानाने कमी. दालन लांब असेल तर पत्र स्पीड पोस्टाने कंपनीच्या सर्कल कार्यालयाकडे पाठवता येते, पण पडताळणीसाठी एकदा जाणे चुकत नाही.

आधारच्या झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त मोबाईल क्रमांक अमुकच्या नावदुरुस्तीसाठी’ असे तारखेसह लिहून सही करावी. कोरी झेरॉक्स दुकानात पडून राहिली, तर तिचा गैरवापर होऊ शकतो.

काम झाले हे कशावरून समजावे?

‘विनंती पूर्ण झाली’ असा एसएमएस आला म्हणून थांबू नये. पडताळणी झाली, पण नाव जुनेच राहिले, असेही घडते. ॲपमधील प्रोफाइल किंवा पुढचे बिल पाहावे. साधा फोन असल्यास दालनात जाऊन नोंदीतील नाव पुन्हा वाचून घ्यावे. पतीच्या किंवा वडिलांच्या नावाचा रकाना ॲपमध्ये दिसत नसेल, तर तो मुद्दाम विचारावा.

कंपनी दाद देत नसेल तर?

तक्रार क्रमांक मिळूनही काम झाले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांच्या आत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि ट्रायच्या 2012 च्या नियमांप्रमाणे त्याचा निकाल 39 दिवसांत लागला पाहिजे. अपिलात नवे काही लिहिण्याची गरज नसते. मूळ पत्राची प्रत, तक्रार क्रमांक आणि नकाराचे कारण एवढे पुरते. पत्रातच कारण लेखी मागितलेले असते ते यासाठी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगासमोर चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये म्हटले आहे. पण एका अक्षरासाठी जिल्ह्याच्या चकरा मारण्यापेक्षा, अपील फेटाळले गेल्यास, क्रमांक चालू असताना तो दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो का हे पाहणे अनेकांना सोयीचे पडते, कारण नवी कंपनी ओळखपत्रावरून नव्याने नोंद करते. जुन्या नोंदीतील नाव आणि आताचे ओळखपत्र अगदीच वेगळे असेल, तर मात्र तेथेही प्रश्न विचारले जातील.

सिम वारलेल्या वडिलांच्या किंवा दुकानदाराच्या नावावर असेल तर हेच पत्र चालेल का?

नाही, आणि ‘आपल्या नोंदीतील व्यक्ती आणि मी एकच’ हे वाक्य अशा प्रकरणात लिहू नये, कारण ते खोटे ठरेल. फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवण्यास दूरसंचार कायदा 2023 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैदेची आणि 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वडील वारले असल्यास मृत्यू दाखला आणि वारसांची संमती घेऊन सिमधारक बदलाचा अर्ज करावा. अनोळखी दुकानदाराच्या नावावरील सिम असेल, तर त्या क्रमांकावर बँक आणि आधार ठेवू नये. स्वतःच्या ओळखपत्रावर नवे सिम घेऊन, जुना क्रमांक चालू आहे तोवरच बँकेत आणि आधारमध्ये नवा क्रमांक नोंदवून घ्यावा.